मास्टर चार्ट उघडण्याआधी

पीजीचे विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुधा मास्टर चार्ट घेऊनच. थिसिस जमा करायची तारीख जवळ आलेली असते, एक्सेलची फाइल पूर्ण भरलेली असते आणि मागणी एकच असते, "सर, एवढं सिग्निफिकन्स काढून द्या." मी वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्सचं काम करतो. अशी फाइल एकदा उघडली की मग मी घेतलेला प्रत्येक निर्णय उत्तर डोळ्यांसमोर असतानाचा असतो. कोणती वेळ मुख्य धरायची, कोणता पेशंट वगळायचा, रिकाम्या चौकटीचं काय करायचं, या प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन रास्त उत्तरं असतात. त्यातलं कोणतं उत्तर थिसिसला सोयीचं आहे हे तेव्हा दिसत असतं, आणि दिसलेलं विसरता येत नाही. म्हणून दोन उपचारांची तुलना असलेला कोणताही अभ्यास असला की मी आता एकच आग्रह धरतो. विश्लेषणाचा आराखडा आधी लिहायचा, त्यावर तारीख पाडायची आणि मगच आकड्यांकडे वळायचं.

अशाच एका अभ्यासाबद्दल इथे लिहितो आहे. भूलशास्त्र विभागाचा होता आणि लहान होता. सिझेरियन झालेल्या बायकांच्या दोन गटांची तुलना होती. एका गटात शस्त्रक्रियेच्या शेवटी सोनोग्राफीच्या मदतीने पोटाच्या दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक द्यायचा, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून जाणाऱ्या नसांजवळ बधिरीचं औषध सोडायचं. दुसऱ्या गटात तेच औषध सर्जनने टाके घालताना जखमेच्या कडांत टोचायचं. पॅरासिटामॉल दोन्ही गटांना ठरलेल्या वेळी मिळणार होतं. त्यावरही दुखलं, म्हणजे शून्य ते दहाच्या मापावर आकडा ४ किंवा त्याहून वर गेला किंवा बाईने स्वतः मागितलं, तर शिरेतून ५० मिलिग्रॅम ट्रामाडॉल. दोन गटांत सरासरी १.५ चा फरक पकडायचा, स्टँडर्ड डेव्हिएशन २ धरायचं, पॉवर ८० टक्के, असा हिशेब केला की प्रत्येक गटात सुमारे २८ बायका लागतात. गळती धरून ३२ ठरल्या, एकूण ६४.

सीटीआरआयवर, म्हणजे आपल्या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, अभ्यासाची नोंद झालेली होती. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, आणि ती तशी केलेलीही होती. पण मुख्य निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं होतं, "शस्त्रक्रियेनंतरच्या २४ तासांतील वेदना". वाचायला हे स्पष्ट वाटतं. प्रोफॉर्मा पाहिला तर वेदना २, ४, ८, १२ आणि २४ तासांनी मोजायची होती, आणि प्रत्येक वेळी दोनदा: एकदा पडून असताना, एकदा उठून बसताना. म्हणजे दर बाईमागे दहा आकडे. दहा वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या तुलना केल्या आणि दोन्ही उपचार प्रत्यक्षात सारखेच असले, तरी निदान एक तरी तुलना पाच टक्क्यांच्या उंबरठ्याखाली येण्याची शक्यता ४० टक्के होते. एकाच बाईचे आकडे एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे खरी शक्यता ४० पेक्षा कमी असणार, पण पाचच्या पुष्कळ वर. नोंदवहीतल्या त्या एका ओळीने हा सगळा मोकळेपणा आपल्या हातात ठेवलेला होता. आराखड्याचं पहिलं काम तो मोकळेपणा काढून घेण्याचं.

रेसिडेंट डॉक्टर, तिच्या गाइड मॅडम आणि मी असे तिघं बसलो. रेसिडेंटला आठ तास हवे होते. ब्लॉकचा असर तेव्हा भरात असतो, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. २ तासांचा आकडा कुणालाच नको होता, कारण तेव्हा बऱ्याच बायकांचं स्पायनल अजून पुरतं उतरलेलं नसतं. २४ तासांना दोन्ही गटांतलं औषध ओसरलेलं असणार. मॅडम मात्र बारा तासांवर ठाम राहिल्या. "आमच्या वॉर्डात बाई पहिल्यांदा नीट उठून बसते ती साधारण तेव्हा. बाळाला घ्यायचं असतं, कूस बदलायची असते. तेव्हा दुखत असेल तर आठ तासांना छान होतं हे सांगून तिला काय उपयोग?" मला हे कारण पटलं. ते बाईच्या गरजेतून आलेलं होतं, आणि आकडे येण्याआधी आलेलं होतं. आराखड्यात लिहिलं: मुख्य निष्पत्ती एकच, १२ तासांनी उठून बसतानाची वेदना. बाकीचे नऊ आकडे दुय्यम. ते सगळे एका तक्त्यात छापले जातील, त्यातला एकही वगळला जाणार नाही.

खरा वेळ गेला तो ट्रामाडॉलवर. दोन बायका कल्पून पाहू. पहिलीला दहाव्या तासाला खूप दुखतं, ती ६ सांगते, सिस्टर ट्रामाडॉल देतात आणि बाराव्या तासाला तिचा आकडा २ येतो. दुसरीला दिवसभर बेताचंच दुखतं. बसताना ती ३ सांगते, इंजेक्शन घेत नाही, बाराव्या तासालाही तिचा आकडा ३ च असतो. मास्टर चार्टमधला १२ तासांचा रकाना वाचला तर पहिली बाई जास्त सुखात होती. हे उघड खोटं आहे, पण संगणकाला ते कळत नाही. ज्या गटाला जास्त दुखलं तो गट जास्त ट्रामाडॉल घेणार, ट्रामाडॉल आकडे खाली आणणार, आणि दोन्ही गटांच्या सरासऱ्या जवळ येणार. उपचारांत खराखुरा फरक असला तरी तो इंजेक्शनांखाली दडून जाऊ शकतो.

औषध नियमन करणाऱ्या देशोदेशींच्या संस्था ज्या मार्गदर्शिका मानतात त्यांतल्या ई-नाइनला २०१९ मध्ये जोड मिळाली. तिचा बराचसा भाग याच प्रश्नावर आहे: उपचार आणि मोजमाप यांच्या मधे काही घडलं तर आपण नेमकं काय मोजतो आहोत? आमच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, इंजेक्शनकडे न बघता १२ तासांचा आकडा जसा आहे तसा घ्यायचा. मग प्रश्न होतो, "वॉर्डात जशी पद्धत आहे तशी चालू राहिली तर बाराव्या तासाला किती दुखतं?" हा प्रश्न निरर्थक नाही, पण ब्लॉकच्या बाजूने किंवा विरुद्ध तो फार थोडं सांगतो. दुसरी वाट, ट्रामाडॉल मिळालंच नसतं तर आकडा किती असता याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी अशी गृहीतकं धरावी लागतात जी ६४ बायकांच्या माहितीवरून तपासणं शक्य नाही. शिवाय दुखणाऱ्या बाईला औषध न देणं कुणी करणारही नाही, मग त्या कल्पित जगातलं उत्तर कोणाला हवं आहे? तिसरी वाट, ट्रामाडॉल लागणं हाच वाईट निकाल मानायचा आणि तो आकड्यात धरायचा.

आम्ही तिसरी घेतली आणि नियम असा लिहिला: १२ तासांच्या मोजणीआधीच्या ६ तासांत ट्रामाडॉल दिलं असेल, तर त्या बाईचा १२ तासांचा आकडा म्हणून इंजेक्शन देण्याच्या लगेच आधी उठून बसताना सांगितलेला आकडा धरायचा. ६ तास यासाठी की ट्रामाडॉलचा असर साधारण तेवढा वेळ राहतो. या नियमाने पहिल्या बाईचा आकडा ६ होतो, दुसरीचा ३ राहतो, आणि चित्र सरळ होतं. नियमात त्रुटी आहे हे मला माहीत होतं. इंजेक्शन घेतलं नसतं तरी दोन तासांत पहिलीचं दुखणं थोडं आपोआप उतरलं असतं, हे शक्य आहे. पण हा आकडा अंदाज म्हणून धरलेलाच नव्हता. इंजेक्शन मागण्याइतकं दुखलं, हीच गोष्ट मोजायची असं आम्ही ठरवलं होतं. पहिल्या वाटेचं विश्लेषणही पूरक म्हणून करायचं हे त्याच पानावर लिहून ठेवलं. दोन्ही उत्तरं एकमेकांपासून फार दूर गेली तर दोन गटांत ट्रामाडॉल कमी-जास्त दिलं गेलं का, हे आधी पाहायचं.

नियम लिहून झाल्यावर मॅडमनी प्रोफॉर्मा समोर ओढला आणि विचारलं, "इंजेक्शनच्या आधीचा आकडा कुठे लिहायचा?" जागाच नव्हती. ट्रामाडॉलपुढे फक्त "हो / नाही" अशा दोन चौकटी होत्या. वेळ नाही, मात्रा नाही, आधीचा आकडा नाही. मास्टर चार्ट भरल्यावर हे लक्षात आलं असतं तर वॉर्डातल्या औषधांच्या नोंदवह्या चाळून वेळ कदाचित सापडली असती, आकडा मात्र कुठेच सापडला नसता. प्रोफॉर्मात तीन रकाने वाढवले, सिस्टरांना ते समजावून सांगितले, बदल एथिक्स कमिटीला कळवला. तोपर्यंत थोड्या बायका अभ्यासात आलेल्या होत्या, त्यांच्यासाठी वेगळा नियम लागला. बाईने स्वतः मागितलं नसेल तर इंजेक्शन आकडा ४ किंवा वर असेल तेव्हाच द्यायचं असल्याने त्यांच्यासाठी ४ धरायचे, आणि नंतर एकदा ८ धरून उत्तर बदलतं का ते पाहायचं. आराखडा सुरुवातीला लिहिण्याचा सगळ्यात रोकडा फायदा मला इथे दिसतो. विश्लेषणाची वाक्यं नेमकी लिहायला बसलं की प्रोफॉर्मात काय गोळा होत नाहीये ते कळतं, आणि ते गोळा करायची संधी अजून गेलेली नसते.

झोपेचा प्रश्न रेसिडेंटने काढला. संध्याकाळी सिझेरियन झालं तर बारावा तास पहाटे येतो. बाई झोपली असेल तर उठवायचं का? मॅडम नाही म्हणाल्या, आणि त्यात वाद नव्हता. मग चौकट रिकामी राहणार. झोपलेल्या बाईला शून्य देऊन टाकायचं, अशी पद्धत मी बऱ्याच थिसिसांत पाहिली आहे. पण झोप दुखणं कमी असल्यानेही लागते, दमल्यानेही लागते आणि ट्रामाडॉलच्या गुंगीनेही लागते. आम्ही एक तास अलीकडे-पलीकडे मोजायची मुभा ठेवली. तेवढ्यातही आकडा मिळाला नाही तर त्याच बाईच्या ८ आणि २४ तासांच्या आकड्यांवरून, तिचा गट आणि आधी सिझेरियन झालं होतं की नाही हे धरून, मल्टिपल इम्प्युटेशनने तो भरायचा ठरला. शिवाय ब्लॉकच्या गटातल्या रिकाम्या जागी आकडा किती वाईट धरला तर निष्कर्ष उलटतो, हेही काढून पाहायचं. रिकाम्या जागा तीन-चारच असतील तर हे काम छोटं असतं. पण ६४ मध्ये तीन-चारही निकाल हलवू शकतात.

बाकीचे निर्णय लवकर झाले. आधीचं सिझेरियन आहे की नाही यावरून थर पाडून गटवाटणी केलेली होती, म्हणून विश्लेषणातही तो घटक राहणार. वय, वजन वगैरे घटक पहिल्या तक्त्यात फरक दिसला म्हणून नंतर आत घ्यायचे नाहीत, आणि त्या तक्त्यात पी-व्हॅल्यूही छापायची नाही. चिठ्ठ्या टाकून वाटणी केल्यावर दिसणारा फरक योगायोगाचाच असतो, त्याची परीक्षा घेऊन काही कळत नाही. उपगटांचं विश्लेषण करायचंच नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-टू या हृदयविकाराच्या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. तिथल्या संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडून दाखवले, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच झाल्याचं दिसलं. सतरा हजारांत असं दिसतं, तर आमच्या चौसष्टांत काय काय दिसेल!

लहान अभ्यासाची एक अडचण मोठ्या अभ्यासाला नसते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. "निकालाची माहिती पाहिलेली नाही" हे वाक्य इथे अर्धंच खरं असतं. फाइलला पासवर्ड आहे, गटवाटणीची यादी बंद लिफाफ्यात दुसऱ्या विभागाकडे आहे, हे सगळं खरं. पण ब्लॉक देणारी रेसिडेंट स्वतः होती. कोणाला काय दिलं हे तिला ठाऊक होतं, रात्रीच्या ड्यूटीत राउंड घेताना कोण कण्हत होती हेही तिने पाहिलेलं होतं. महिनाभरात तिच्या मनात एक निकाल तयार होतो आणि पुढचा प्रत्येक नियम ती त्या निकालाच्या कलाने सुचवू शकते, तिची तशी इच्छा नसतानाही. म्हणून आराखड्यात आम्ही एक परिच्छेद लिहिला: सही करण्याच्या दिवशी किती बायका अभ्यासात आल्या होत्या, आणि आम्हा तिघांपैकी कोणाला काय माहीत होतं. रेसिडेंटला गट माहीत, मॅडमना नाही, मला गटही नाही आणि आकडेही नाहीत. वाचणाऱ्याला यावरून स्वतःचं मत बनवता येतं. नुसतं "ब्लाइंड" लिहून ते बनवता येत नाही.

संगणकावरचा कोड मी माहिती मिळण्याआधीच लिहून ठेवला आणि बनावट गटांवर चालवून पाहिला. गाभा एवढाच होता:

```r
d$grp <- sample(rep(c("A", "B"), each = 32))
fit <- lm(pain12 ~ grp + prev_cs, data = d)
confint(fit)
```

यातले आकडेही मी बनवलेलेच होते. रिकाम्या चौकटी, चुकून टाइप झालेला ४४, इंजेक्शनची वेळ मध्यरात्र ओलांडून गेलेली, असं सगळं मुद्दाम घातलं होतं. मध्यरात्रीपाशी माझा ६ तासांचा हिशेब उणे येत होता. तो तिथेच दुरुस्त झाला.

निष्कर्षाची वाक्यंही आधी लिहिली. प्रत्येक गटात ३२ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन २ असेल, तर फरकाचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल दोन्ही बाजूंना साधारण एकेक अंक पसरतो. हे कागदावरच दिसत होतं. म्हणून लिहून ठेवलं: इंटरव्हलमध्ये शून्यही आणि १.५ ही असेल, तर "फरक नाही" असं म्हणायचं नाही आणि "कल दिसतो" असंही म्हणायचं नाही. "या अभ्यासावरून निर्णय होत नाही" एवढंच म्हणायचं.

आराखड्याच्या प्रत्येक पानावर तिघांनी सह्या केल्या आणि एक प्रत एथिक्स कमिटीच्या कार्यालयात दिली. तिथल्या क्लार्कने आवक क्रमांक टाकून शिक्का मारला. आमच्या फाइलमधल्या तारखेपेक्षा मला त्या शिक्क्यातली तारीख जास्त मोलाची वाटते, कारण ती आम्हाला बदलता येत नाही.

आराखड्यात सगळं येतं असं नाही. एका बाईला रक्तस्राव झाला म्हणून काही तासांतच पुन्हा ओटीत न्यावं लागलं, पुन्हा भूल द्यावी लागली. अशा बाईच्या १२ तासांच्या आकड्याचं काय, हे आम्ही लिहिलेलंच नव्हतं. रेसिडेंटला त्या चर्चेत घेतलं नाही, कारण तिला गट माहीत होता. मॅडमनी आणि मी गट न कळता ठरवलं की बाई तिला मिळालेल्या गटातच राहील आणि तिचा आकडा मिळालेला नाही असं धरून बाकीच्यांसारखा भरला जाईल. तारीख घालून दुरुस्तीचं एक पान जोडलं, त्यावरही शिक्का घेतला. शेवटच्या अहवालात आराखड्याबाहेर घेतलेल्या निर्णयांचा एक वेगळा परिच्छेद आहे, त्यात हे आलं आहे.

मग लिफाफा उघडला. मुख्य फरक ब्लॉकच्या बाजूने होता, पण अपेक्षेपेक्षा लहान, आणि इंटरव्हलमध्ये शून्यही होतं आणि १.५ ही. रेसिडेंटचा चेहरा उतरला. दुय्यम तक्त्यात ८ तासांचा, पडून असतानाचा आकडा पाच टक्क्यांच्या खाली आलेला होता. ती म्हणाली, "सर, मी आधीपासून आठ तासच म्हणत होते." ते खरंच होतं. आणि मला तिची तळमळ कळत होती, कारण परीक्षकांना काहीतरी सिग्निफिकंट हवं असतं अशी भीती प्रत्येक पीजीच्या मनात घातलेली असते. पण ती उठून बसतानाच्या आठ तासांबद्दल बोलली होती. त्या आकड्यात फरक स्पष्ट नव्हता. पडून असतानाचा आकडा मुख्य ठेवावा असं तिघांपैकी कोणीही कधीच म्हटलं नव्हतं. मी आराखड्याचं पान काढून तिच्यासमोर ठेवलं. ते तिने वाचलं आणि वाद तिथेच थांबला. शिक्का नसता तर त्या दुपारी मीही कदाचित इतका ठाम राहिलो नसतो.

थिसिसमध्ये दहाही आकडे एका तक्त्यात आहेत, आणि निष्कर्षाचं वाक्य आधी लिहिलेलंच आहे: या अभ्यासावरून निर्णय होत नाही. आराखडा परिशिष्टात जोडला आहे. ६४ बायकांच्या अभ्यासाची ताकद आराखड्याने वाढत नाही, आणि ती वाढेल असं मी कुणाला सांगत नाही. पुढे कोणी अशा लहान अभ्यासांची बेरीज करून उत्तर शोधेल, तेव्हा आमचे १२ तासांचे आकडे निवडून काढलेले नाहीत यावर त्याला विसंबता येईल.

थिसिसच्या गाइडांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्याला संख्याशास्त्रज्ञाकडे पाठवायचंच असेल तर प्रोफॉर्मा छापायला जाण्याआधी पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही सोबत या.